जुन्या ट्रॅक्टरची किंमत काढताना: तास किती झाले, आणि ते कुठल्या कामात गेले

दसरा जवळ आला की चिकोडी, रायबाग, अथणी भागात जुन्या ट्रॅक्टरला गिऱ्हाईक वाढतं. कारखान्यांचा हंगाम तोंडावर असतो, वाहतुकीचे करार झालेले असतात आणि ज्याच्याकडे गाडी नाही त्याला ती आठ-पंधरा दिवसांत हवी असते. अशा घाईत सौदा एका वाक्यावर ठरतो: "अठराचं मॉडेल आहे, पाच हजार तास झालेत." मॉडेलचं साल आणि मीटरवरचे तास ही सुरुवात झाली, किंमत नव्हे. पाच हजार तास खानापूरच्या भातखाचरात गेले असतील तर झीज एका जागी सापडते, आणि उसाच्या दोन ट्रॉल्या ओढण्यात गेले असतील तर दुसऱ्याच जागी.

या लेखात 45 एचपीच्या आसपासचा, टू-व्हील ड्राइव्ह, ऊस वाहतुकीत वापरलेला ट्रॅक्टर धरून हिशेब मांडला आहे. रुपयांचे आकडे पद्धत समजावी म्हणून धरलेले आहेत. तुमच्या सौद्यात आजच्या शोरूमचा भाव, टायरवाल्याचा भाव आणि मिस्त्रीचा अंदाज घाला.

सुरुवात जुन्या बिलापासून नको, आजच्या नव्या भावापासून करा

विकणारा नेहमी आपण किती दिले ते सांगतो. घेणाऱ्याच्या दृष्टीने तो आकडा कामाचा नाही. त्याच्यासमोरचा प्रश्न असा असतो की तशीच नवी गाडी आज किती रुपयांत दारात उभी राहते. जुन्याची किंमत त्या आकड्याला बांधलेली असते.

22 सप्टेंबर 2025 पासून ट्रॅक्टरवरचा जीएसटी 12 टक्क्यांवरून 5 टक्क्यांवर आला. करासह 7 लाखांना मिळणारी गाडी, कंपनीने मूळ भाव तोच ठेवला असेल तर, 6 लाख 56 हजारांच्या आसपास आली. म्हणजे नव्यात साधारण 44 हजारांचा फरक पडला. त्याच्या आधी जुनी गाडी घेऊन यार्डात लावलेला व्यापारी अजून जुन्याच हिशेबाने भाव सांगत असेल, तर हा फरक कागदावर लिहून त्याच्यासमोर ठेवा. ट्रॅक्टरच्या मागच्या टायरवरचा करही त्याच दिवशी 18 वरून 5 टक्के झाला, त्यामुळे टायरची वजावट करतानाही आजचाच भाव धरावा.

वयाची घट काढायला एक सोपी रीत आहे. पहिल्या वर्षाला 15 टक्के कापा आणि नंतर दर वर्षी उरलेल्या किमतीच्या 8 टक्के. "उरलेल्या किमतीच्या" हे महत्त्वाचं. मूळ किमतीचे ठरावीक टक्के दर वर्षी कापत गेलात तर बारा-तेरा वर्षांची गाडी भंगाराच्या भावात दिसायला लागते, आणि बाजारात तसं होत नाही. नव्या गाडीचा आजचा भाव 7,40,000 धरला तर पहिल्या वर्षानंतर 6,29,000 राहतात आणि सात वर्षं संपताना साधारण 3,81,000. हा झाला पाया. यात बेताचं काम केलेली, नियमित ऑइल बदललेली, मोठी मोडतोड न झालेली गाडी गृहीत आहे.

मीटरवरचा आकडा खरा आहे का

साधं शेतकाम आणि थोडं भाड्याचं काम करणारा ट्रॅक्टर वर्षाला 600 ते 800 तास चालतो. ऊस वाहतुकीला लावलेला सहज हजाराच्या पुढे जातो, कारण हंगामात तो दिवसरात्र रस्त्यावर असतो. सात वर्षांच्या गाडीला, वर्षाला 700 धरून, 4,900 तास हे सरासरी झाले.

जुन्या पद्धतीचा केबलवर चालणारा मीटर घड्याळाचे तास मोजत नाही, इंजिनाचे फेरे मोजतो. ठरलेल्या वेगावर इंजिन चाललं तरच त्याचा एक तास म्हणजे घड्याळाचा एक तास. हळू रेसवर चाललेलं काम तो कमी दाखवतो. केबलचा एक नट सोडला की मीटर थांबतो आणि गाडी चालतच राहते. डिजिटल मीटरमध्ये पूर्ण डिस्प्ले बदलला की मोजणी शून्यावरून सुरू होऊ शकते. म्हणून मीटर एकटा पुरावा धरू नये.

पुरावा इतरत्र सापडतो. सर्व्हिसची पावती किंवा स्पेअर पार्टचं बिल मागा, ज्यावर तारीख आणि तास दोन्ही लिहिलेले आहेत. अशी एकच पावती हाती आली तरी पुढचं गणित करता येतं. मग टायरच्या बाजूवर लंबगोलात कोरलेले चार अंक पाहा. 2224 असेल तर टायर 2024 सालच्या 22 व्या आठवड्यात बनलेला आहे. गाडी 2018 ची, मीटर 3,000 तासांचा आणि मागचे टायर 2024 चे असतील, तर पहिली जोडी कुठे संपली ते विचारायला हवं. शेतात वापरलेली मागची जोडी सहसा तीन-चार हजार तास जाते, डांबरी रस्त्यावर त्याहून लवकर संपते.

त्यानंतर क्लचच्या पॅडलकडे पाहा. रबर नवं असेल तर ते काढून खालचं लोखंड बघा. हजारो वेळा बूट घासून लोखंडाची कड गुळगुळीत आणि तिरकी झालेली असेल, तर रबर नंतर बसवलेलं आहे. मीटरवर 2,500 तास दाखवणाऱ्या गाडीचं पॅडल असं झिजत नाही.

तास कुठे गेले ते लोखंडावर लिहिलेलं असतं

ऊस ओढलेल्या गाडीच्या मागे वाका. हिचचं भोक, ज्यात ट्रॉलीची पिन बसते, ते गोल राहिलंय की लांबट झालंय ते बोट घालून पाहा. लांबट भोक, वेल्डिंग करून पुन्हा पाडलेलं भोक किंवा हिचला मारलेल्या जाड पट्ट्या म्हणजे जड ओढकाम. तिथून पुढे मागच्या एक्सलच्या हाउसिंगवर या. बोल्टभोवती ऑइलचे ओघळ, हाउसिंगवर वेल्डिंगची रेघ, एकाच जागी नवे बोल्ट आणि बाकी गंजलेले, अशा खुणा शोधा. दोन ट्रॉल्यांचं ओझं खड्ड्यातून झटके देत मागच्या भागावर येतं आणि तडा तिथेच जातो. वेल्डिंग केलेल्या हाउसिंगची गाडी हलक्या शेतकामाला चालेल, पण पुन्हा ऊस ओढायला घेऊ नका, भाव कितीही उतरला तरी.

मागच्या टायरची ग्रिप मधोमध झिजून सपाट झाली असेल तर गाडी रस्त्यावर पळाली आहे. शेतातल्या टायरच्या ग्रिपच्या कडा तुटक्या, खरवडलेल्या दिसतात, पण मधली उंची बरी असते.

गिअरची परीक्षा उभ्या गाडीवर होत नाही. भरलेली ट्रॉली जोडून उतारावर न्या, वरच्या गिअरमध्ये ठेवून रेस सोडा. मागून ओझं ढकलायला लागलं की झिजलेला गिअर आपोआप न्यूट्रलला उडतो. चढावर ओढताना हे लक्षात येत नाही, कारण दात एकाच बाजूने दाबलेले असतात. उतारावर गिअर उडणारी गाडी उसाच्या वाहतुकीत जीवघेणी आहे, आणि गिअरबॉक्स उघडायचा खर्च आत पाहिल्याशिवाय कुणी नक्की सांगू शकत नाही. अशी गाडी सोडून देणं बरं.

खानापूर, बेळगावच्या पश्चिमेकडची गाडी असेल तर वेगळ्या जागा बघाव्या लागतात. चिखलणीत गाडी तासन्‌तास पाण्यात फिरते. केज व्हील लावलेले असतील तर मागच्या एक्सलवर ताण वाढतो आणि ऑइल सील जातात. चाकाच्या आतल्या बाजूला ऑइलने चिकटलेला चिखल दिसला की सील फुटलाय असं समजा. सील स्वस्त असतो, पण त्याच वाटेने पाणी आत गेलेलं असतं. ते ओळखायला सकाळी गाडी हलवण्याआधी जा आणि मागच्या हाउसिंगचा ड्रेन बोल्ट जरासा सैल करा. रात्रभरात पाणी तळाला बसलेलं असतं, त्यामुळे ऑइलच्या आधी तेच ठिबकतं. ऑइल दुधी कॉफीसारखं निघालं तर आतल्या बेअरिंगांनी पाण्यात बरेच दिवस काढले आहेत.

रोटावेटर जास्त चाललेल्या गाडीत पीटीओच्या शाफ्टचे दात पाहावेत. ते एकाच बाजूने पातळ होतात. रोटावेटर स्वतः विकत घ्यायचा असेल तर त्याला तासांचा मीटर नसतो. रोटर हाताने वर उचलून बेअरिंगमधला खुळखुळा, पाती बसवायच्या चकत्यांवरची वेल्डिंग आणि बाजूच्या गिअर किंवा चेनच्या डब्यातली गळती बघा. पात्यांवर भाव ठरवू नका, ती बदलायचीच असतात. अवजार अनुदानावर घेतलेलं असेल तर ठरावीक मुदतीपर्यंत विकायचं नाही अशी अट आहे का, ते मंजुरीच्या कागदावर पाहून घ्या.

इंजिन गार असताना पोहोचा

तुम्ही येणार म्हणून गाडी आधीच चालू करून ठेवलेली असेल तर पाहणी दुसऱ्या दिवशी ठेवा. पोहोचल्यावर पहिला हात इंजिनच्या ब्लॉकवर ठेवावा, तो गारच लागला पाहिजे. गार इंजिन किती सेल्फमध्ये उठतं आणि पहिल्या मिनिटात धूर कसा येतो, त्यावरून आतली स्थिती कळते. सुरुवातीचा थोडा पांढरा धूर लगेच गेला तर काळजी नाही. गरम झाल्यावरही पांढरा येत राहिला आणि रेडिएटरमध्ये बुडबुडे दिसले तर हेड गॅस्केटचा संशय घ्यावा. काळा धूर बहुतेक वेळा एअर फिल्टर, नोझल किंवा पंपाचा, म्हणजे आटोक्यातला खर्च. निळा धूर मात्र ऑइल जळत असल्याचा.

वीस मिनिटं ओझ्यावर चालवून आल्यावर ब्रीदर पाइपच्या तोंडाशी तळहात धरा. हलकी ऊब लागणं ठीक. धापा टाकल्यासारखे झोत येत असतील आणि हाताला ऑइलचे थेंब लागत असतील, तर रिंग-लायनर झिजून कंप्रेशन खाली येतंय. याचा अर्थ इंजिनकाम जवळ आलं आहे. गरम इंजिन हळू रेसवर ठेवून ऑइल प्रेशरचा काटाही पाहा. गार असताना सगळ्यांचाच काटा वर असतो.

झालेलं काम किमतीत किती धरायचं

"इंजिन नुकतंच केलंय, सत्तर हजार घातलेत" हे वाक्य जवळपास प्रत्येक सौद्यात येतं. काम खरंच झालं असेल तरी सत्तर हजार किमतीत वाढत नाहीत. सात वर्षांच्या पायाच्या किमतीत इंजिन चालतं आहे हे आधीच धरलेलं असतं. नवीन लायनर-पिस्टनमुळे पुढची काही वर्षं इंजिन उघडावं लागणार नाही, तेवढाच फायदा घेणाऱ्याचा. बिलं असतील तर खर्चाच्या निम्म्यापर्यंत वाढ द्यावी. बिलं नसतील तर काहीही देऊ नये.

बिलात काय पाहायचं? लायनर-पिस्टन किटसोबत बेअरिंग, क्रँक तपासणी, हेडचं काम आणि नोझल-पंपाचं कॅलिब्रेशन आहे का. फक्त रिंगा बदलून इंजिन "केलेलं" असेल तर ते विकण्यापुरतं केलेलं काम आहे. अंडाकृती झालेल्या जुन्या लायनरमध्ये नव्या रिंगा नीट बसत नाहीत, आणि पहिल्याच हंगामात ऑइल पुन्हा खायला लागतं.

बाकी दुरुस्तीचं सूत्र सोपं: लगेच करावं लागेल ते पूर्ण कापा, वर्षभरात येईल ते निम्मं कापा, नेहमीची झीज अजिबात कापू नका. आणि एकच खोट दोनदा कापू नका. जास्त तासांबद्दल रक्कम वजा केली असेल तर त्याच तासांमुळे झिजलेल्या इंजिनाचा पूर्ण खर्च पुन्हा वजा करणं विकणाऱ्यावर अन्याय आहे. तो सौदा तुटतो, आणि तुटायलाच हवा.

एक गाडी, सगळा हिशेब

जून 2018 चं पासिंग, केए-23, पहिलाच मालक, ऊस वाहतूक आणि थोडी नांगरट. पाहणी ऑक्टोबर 2025 मध्ये. मीटर 5,200. मागणी 3,60,000.

पाया आधी काढला तोच: 3,81,000.

मीटर बरोबर वाटतो, सरासरीपेक्षा थोडाच जास्त. पण जून 2021 च्या सर्व्हिसच्या पावतीवर 3,100 तास लिहिलेत. पहिल्या तीन वर्षांत 3,100, म्हणजे वर्षाला हजारावर. नंतरच्या सव्वाचार वर्षांत फक्त 2,100, आणि त्या काळातही गाडी दर हंगामाला उसातच होती. मध्ये मीटर बंद राहिला हे उघड आहे. त्याच वेगाने तास साडेसात हजारांवर जातात. एखादा हंगाम कमी चालली असेल असं धरून 7,000 घेऊ. सरासरी 4,900 पेक्षा हे 2,100 जास्त.

एका जादा तासाची किंमत अशी निघते. शेतकी अभियांत्रिकीच्या हिशेबात ट्रॅक्टरचं आयुष्य 10,000 तास आणि शेवटी 10 टक्के किंमत शिल्लक धरतात. 7,40,000 चे 90 टक्के भागिले 10,000, म्हणजे तासाला 66.60 रुपये. पण गाडी नुसत्या तासांनी जुनी होत नाही, सालानेही होते, आणि साल आपण आधीच कापलंय. म्हणून निम्मे, 33 रुपये. 2,100 तासांचे साधारण 70,000 वजा.

मागच्या टायरची ग्रिप एक-पंचमांश उरली आहे. जुन्या गाडीत निम्मी ग्रिप असणं साहजिक, म्हणून फक्त उरलेल्या 30 टक्क्यांची वजावट. जोडी 46,000 ची धरली तर 14,000. पुढच्या एक्सलच्या मधल्या पिनला आणि बुशला खुळखुळा आहे, ते लगेच करायचं काम: 6,000. ब्रीदरमधून झोत येतात, पण ऑइलचे थेंब नाहीत, प्रेशर बरं आहे. इंजिनाचा अंदाज 60,000, काम वर्षभरात येणारं, म्हणून निम्मे 30,000. क्लच प्लेट गेल्या वर्षी बदलल्याचं बिल आहे, त्यामुळे तिथे काही कापायचं नाही. लिफ्टवर नांगर उचलून इंजिन बंद केलं तर तो जागेवर टिकला. हिचचं भोक लांबट आहे, पण हाउसिंगला तडा नाही.

3,81,000 मधून 70, 14, 6 आणि 30 हजार गेले की 2,61,000 उरतात.

आता गाव आणि महिना

हीच गाडी ऑक्टोबरमध्ये रायबाग-अथणीत 10-15 हजार जास्त आणते, कारण हंगाम सुरू व्हायचा आहे आणि घेणारा थांबू शकत नाही. एप्रिल-मेमध्ये, कारखाने बंद झाल्यावर, वाहतुकीच्या गाड्या एकदम विकायला निघतात, आणि तेच 10-15 हजार उलट्या बाजूला जातात. शेतकामासाठी घेणाऱ्याला तो महिना चांगला. मात्र मृग जवळ आला की पेरणीची मागणी पुन्हा भाव धरते. खानापूरच्या घेणाऱ्याला ही गाडी ऑक्टोबरच्या भावात घेण्याचं कारण नाही. त्याला ऊस वाहतुकीची झीज विकत मिळते आणि हंगामाचा फायदा मिळत नाही.

मागणीचा दुसरा भाग म्हणजे मिस्त्री. ज्या कंपनीचे पार्ट तालुक्याच्या गावात त्याच दिवशी मिळतात, तिची गाडी जास्त भाव धरते. 50 एचपीच्या वर तर एक साल लक्षात ठेवावं लागतं. 1 जानेवारी 2023 पासून त्या गटात नवे प्रदूषण निकष लागू झाले, आणि त्यानंतरच्या गाड्यांमध्ये इलेक्ट्रॉनिक नियंत्रणाची डिझेल यंत्रणा आली. बिघाड शोधायला स्कॅनर लागतो. गावातला मिस्त्री साध्या पंपाच्या आधीच्या गाड्या जास्त पसंत करतो, म्हणून 2022 पर्यंतचं चांगलं मॉडेल इथे वयाच्या मानाने महाग वाटतं.

सीमेचा प्रश्न कागदातून किमतीत येतो. निपाणीत उभी असलेली एमएच-09 किंवा एमएच-10 पासिंगची गाडी कर्नाटकातल्या माणसाने घेतली तर तिकडच्या आरटीओची एनओसी, म्हणजे फॉर्म 28, लागते. दुसऱ्या राज्यात गाडी 12 महिन्यांपेक्षा जास्त ठेवायची तर तिथला नंबर घ्यावाच लागतो. आपल्या आरटीओत नव्या नंबरचा पूर्ण खर्च विचारा आणि तो भावातून सरळ वजा करा. कागदपत्रं पुरी होण्यात जाणाऱ्या दिवसांचेही काही पैसे होतात, हंगामात तर नक्कीच. कोल्हापूर, सांगलीकडचा माणूस केए पासिंगची गाडी न्यायला आला तर तोही हेच करेल, तेव्हा विकणाऱ्याने तयार राहावं.

15 वर्षं झालेल्या गाडीची तपासणी करून पासिंगचं नूतनीकरण करावं लागतं, ते पुढे पाच वर्षांचं मिळतं. 14 वर्षांच्या गाडीचा भाव करताना त्या तपासणीसाठी लागणारी लाइट, ब्रेक, टायरची कामं आत्ताच मोजा. ट्रॉली सोबत असेल तर तिचं पासिंग वेगळं असतं आणि तिचा भावही वेगळाच लिहावा. "ट्रॉलीसह" म्हणून एकच आकडा सांगितला की बिनपासिंगच्या ट्रॉलीचे पैसे नकळत दिले जातात.

आपल्या उदाहरणातल्या गाडीचं कर्ज फिटलं आहे, पण आरसीवर बँकेचा बोजा तसाच आहे. बँकेचं पत्र आणि फॉर्म 35 घेऊन तो उतरवणं विकणाऱ्याचं काम. ते होईपर्यंत सगळी रक्कम हातात देऊ नये. चासी नंबर घासून आरसीशी मिळवा, इंजिन नंबरही. तो जुळत नसेल तर इंजिन दुसऱ्या गाडीचं आहे आणि नाव बदलताना अडकणार.

रायबागच्या घेणाऱ्याने 2,50,000 वरून बोलायला सुरुवात करावी आणि 2,75,000 ला थांबावं. 3,60,000 मागणाऱ्यासमोर 2021 ची पावती ठेवली की पहिला मोठा फरक तिथेच पडतो. विसार देताना साध्या कागदावर ठरलेली रक्कम, बोजा उतरवायची तारीख, इंजिन व चासी नंबर, आणि फॉर्म 29 व 30 वर तारखेसह सह्या झाल्याचं लिहून घ्या. कोरे सही केलेले फॉर्म यार्डात सोडू नका. घेणाऱ्याने 30 दिवसांच्या आत आरटीओत नाव लावायला द्यावं, आणि विकणाऱ्याने त्याची पोच मागून घ्यावी. नाव तसंच राहिलं तर पुढच्या अपघाताची नोटीस त्याच्याच दारात येते.